ऐकता ऐकता टिपताना : प्रस्तावना

‘हं, घ्या लिहून.’ आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांत शिकलेल्या बहुतेकांच्या कानात हे शब्द अजून असतील. सर जुन्या, कडा पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचायचे, स्वल्पविराम आला की ‘स्वल्पविराम’ असे मोठ्याने म्हणायचे आणि आम्ही सत्तर जण मान खाली घालून लिहायचो. याला आम्ही नोट्स म्हणत असू. अशा वह्या मी पाच वर्षे भरल्या. पुढे एका व्याख्यानाला गेलो. तिथला वक्ता समजावून सांगत होता, लिहून देत नव्हता. दहा मिनिटांत माझी त्रेधा उडाली. त्याचे पहिले वाक्य मी पुरे करेपर्यंत तो चौथ्यात पोचलेला असायचा. मी दुसरे आणि तिसरे सोडून चौथे धरायला जायचो आणि तेही अर्धेच हाती लागायचे. घरी येऊन पाहिले तर सहा पाने भरली होती आणि व्याख्यान कशाबद्दल होते ते मला सांगता येत नव्हते.

मला उतरवून घ्यायला शिकवले होते, टिपायला नव्हे. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, हे आपले भाग्य. चिमणी अंगणातले दाणे टिपते, अंगण उचलून नेत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. शासकीय कार्यालयातल्या निम्नश्रेणी लघुलेखकाला मिनिटाला 100 शब्दांचा वेग लागतो आणि उच्चश्रेणीला 120 चा. माणूस सहज बोलतो तो वेग याच्या आसपासचा असतो. साध्या लेखनात आपला हात मिनिटाला वीस-पंचवीस शब्दांच्या फारसा पुढे जात नाही. म्हणजे पाच शब्दांतले चार सोडावेच लागतात. ते कोणते सोडायचे हे आपण ठरवले नाही, तर आपली दमणूक ठरवते. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे.

हा प्रश्न जुना आहे आणि माणसांनी त्याला साधारण तीन वाटांनी उत्तर दिले आहे. पहिली वाट हाताचा वेग वाढवण्याची. रोमन वक्ता सिसेरो याचा लेखनिक टायरो याच्या नावाने ओळखली जाणारी खुणांची पद्धत युरोपातल्या मठांमध्ये पुढे कित्येक शतके वापरात होती. तिच्यातली ‘आणि’ची खूण आयर्लंडमधल्या पाट्यांवर आजही दिसते. 1837 मध्ये आयझॅक पिटमनने ध्वनीवर आधारलेली लघुलिपी काढली आणि आपल्याकडची लघुलेखनाची परंपरा तिथूनच फुटली. न्यायालयात, विधिमंडळात शब्दाला शब्द लागतो, तिथे ही वाट योग्यच आहे. विद्यार्थ्याच्या मात्र ती कामाची नाही. लघुलेखकाला वाक्य समजले नाही तरी त्याचे काम अडत नाही, विद्यार्थ्याचे अडते.

दुसरी वाट कागदाची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी 1950 च्या दशकात पानाची एक मांडणी शिकवायला सुरुवात केली आणि 1962 च्या पुस्तकातून ती जगभर गेली. पानाच्या डावीकडे अडीच इंचांचा पट्टा आणि तळाशी दोन इंच जागा कोरी सोडायची. व्याख्यान चालू असताना फक्त उजवीकडच्या रुंद भागात लिहायचे. डावा पट्टा नंतर भरायचा. त्यात त्या त्या मजकुराला विचारता येईल असा प्रश्न किंवा एखादा कळीचा शब्द लिहायचा. तळाला सगळ्या पानाचा सारांश दोन ओळींत. मग उजवा भाग झाकायचा आणि डावीकडचे प्रश्न पाहून उत्तरे स्वतःला म्हणून दाखवायची. या पद्धतीचा जीव त्या झाकण्यात आहे. पट्टे आखून थांबणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांनी कागद वाया घालवला असे मी म्हणेन. टोनी बुझान यांनी 1970 च्या दशकात लोकप्रिय केलेले, मधोमध विषय आणि भोवती फांद्या असे नकाशेही याच वाटेवरचे. वाचलेला मजकूर मांडायला ते छान. ऐकताना मात्र वक्ता पुढे कुठे वळणार हे आधी ठाऊक नसते, त्यामुळे फांदीला जागा पुरत नाही.

तिसरी वाट दुभाष्यांची. माझे सगळ्यात जास्त ऋण तिच्याकडे आहे. वक्ता पाच-सात मिनिटे बोलतो, थांबतो, आणि मग दुभाष्या सगळे दुसऱ्या भाषेत सांगतो. जिनिव्हात हे काम करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या झाँ-फ्रान्स्वा रोझाँ यांनी 1956 मध्ये एक छोटे फ्रेंच पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे असे, की शब्द टिपू नका, कल्पना टिपा, आणि दोन कल्पनांमधला जोड कधीही सोडू नका. ‘कारण’, ‘तरीही’, ‘म्हणून’ हे सांधे निसटले की उरतात ते सुटे शब्द. दुसरे, आडवे लिहू नका, पायऱ्यांसारखे तिरपे खाली उतरत लिहा, म्हणजे कोण, काय करतो, कशाला, हे नजरेला वेगवेगळे दिसते. आणि खुणा थोड्याच ठेवा. त्यांनी स्वतः वीसच सुचवल्या होत्या. शंभर खुणा पाठ करणाऱ्याचे निम्मे लक्ष आठवण्यातच जाते.

आपल्या मातीतही या तिन्ही वाटांचे धागे आहेत. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले आणि ती अठरा प्रवचने साने गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून झाले. मोडी लिहिणारे कारकून ओळीची रेघ आधी ओढून घेत आणि अक्षरे नंतर तिला लटकवत, हात उचलावा लागू नये म्हणून. आणि संक्षेपांचे म्हणाल, तर ज्या भाषेत साधे पत्र ‘सा. न. वि. वि.’ने सुरू होऊन ‘ता. क.’ने संपत असे, चि., सौ. आणि कै. यांत माणसाचा सगळा आयुष्यक्रम मावत असे, त्या भाषेच्या लोकांना संक्षेप करा असे वेगळे सांगावे लागू नये.

तरीही सांगावे लागते. याचे कारण असे, की टिपणे घेण्याची जी पुस्तके आपल्या हाती येतात ती इंग्रजीतली, किंवा इंग्रजीवरून केलेली असतात, आणि त्यांतल्या युक्त्या इंग्रजी वाक्याच्या मापाने बेतलेल्या असतात. मराठी वाक्य वेगळे चालते. त्याचे क्रियापद शेवटी येते, आणि बहुतेक वेळा नकारही शेवटी येतो. ‘1972 च्या दुष्काळात अन्नाचा तुटवडा हेच लोकांच्या हालांचं एकमेव कारण होतं असं म्हणता येणार नाही.’ हे वाक्य ऐकत असताना ‘कारण’पर्यंत आल्यावर ज्याने ‘तुटवडा = एकमेव का.’ असे लिहून टाकले, त्याच्या वहीत वक्त्याच्या म्हणण्याच्या नेमके उलटे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री ते त्याला कळणारही नाही, कारण चुकलेले टिपण दिसायला बरोबर टिपणासारखेच असते. म्हणून मराठी ऐकताना पेन एक वाक्य मागे ठेवावे लागते. क्रियापद कानावर पडले की मग लिहायचे. सुरुवातीला याची भीती वाटते, मागे पडू असे वाटते. आठवडाभराच्या सरावाने ती जाते.

दुसरा फरक विभक्तीचा. इंग्रजीत शब्दाची जागा त्याचे काम सांगते, मराठीत प्रत्यय सांगतो. ‘शासन’चे ‘शा.’ केले, ‘न्यायालय’चे ‘न्या.’ केले आणि लिहिले ‘शा. न्या. फटकारले’, तर कोणी कोणाला? इथे रोझाँची एक युक्ती कामाला येते. शब्दाचे शेपूट ते थोडे वर, बारीक अक्षरात लिहीत. आपण प्रत्यय तसा जोडायचा: शा-ला, न्या-ने. जवळजवळ काही खर्च न होता अर्थ वाचतो. पहिले अक्षरच ठेवण्याच्या सवयीलाही थोडा आवर हवा. ‘प्र.’ म्हणजे प्रमाण, प्रकार, प्रश्न, प्रक्रिया की प्रदेश? त्या तासाला जो शब्द सारखा येणार आहे तेवढ्याचाच ‘प्र.’ करावा, पानाच्या डोक्यावर एकदा अर्थ लिहून ठेवावा, आणि बाकीच्यांचे पहिले व शेवटचे अक्षर धरावे: प्र-ण, प्र-या. घाईत शिरोरेघ सोडायला माझी हरकत नाही, मीही सोडतो. पण ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात रेघेचाच आधार असतो. त्या चार अक्षरांपुरती ती ओढावी.

आता वक्त्याच्या बोलण्यातल्या खुणांकडे. 1986 मध्ये शोड्रॉन आणि रिचर्ड्स यांनी इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या विद्यार्थ्यांना एकच व्याख्यान निरनिराळ्या रूपांत ऐकवले. एकात ‘बरं’, ‘आता’, ‘मग’ यांसारखे छोटे जोडशब्द होते, तर दुसऱ्यात ‘आज आपण अमुक पाहणार आहोत’, ‘इथून पुढचा मुद्दा असा’ अशी दिशा सांगणारी मोठी वाक्ये होती. विद्यार्थ्यांना जास्त समजले ते मोठ्या खुणांमुळे. निष्कर्ष अपेक्षेसारखाच आहे, पण ऐकणाऱ्याने त्यातून घ्यायचे ते असे, की सगळ्या खुणांना सारखे महत्त्व देऊ नये. हे मात्र इंग्रजीचे झाले. मराठीतल्या छोट्या खुणांमध्ये एक-दोन अशा आहेत की त्यांच्याशिवाय माझे पान हलत नाही. त्या दाखवायला या पुस्तकासाठी रचलेला एक उतारा घेतो. भूगोलाचा तास आहे असे समजा.

‘बरं, आता आपण काळ्या मातीकडे येऊ. हिच्याबद्दल तीन गोष्टी सांगणार आहे. एक तर, ही बेसॉल्ट नावाच्या काळ्या खडकाची झीज होऊन तयार झाली, म्हणजे दख्खनच्या पठारावर जो लाव्हा पसरला त्याचा तो खडक. दुसरं म्हणजे, हिच्यात चिकणमाती भरपूर असते, त्यामुळे पाणी मिळालं की ती फुगते आणि उन्हाळ्यात वाळली की तिला भेगा पडतात. माझ्या मामाच्या शेतात एकदा अशा भेगेत माझी चप्पल गेली होती, ती काही मिळाली नाही. असो. तर या भेगांतून वरची माती खाली जाते, हवा खेळते, म्हणून लोक म्हणतात, ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. आता पुष्कळांना वाटतं, की माती काळी म्हणजे तिच्यात सगळं भरपूर, खतांची गरज नाही, रंग हीच सुपीकतेची खूण, तर तसं सरसकट म्हणता येत नाही. चुना, पोटॅश चांगलं असतं, पण नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय पदार्थ कमीच. थोडक्यात काय, कापूस इथे येतो तो रंगामुळे नव्हे, ही माती पाणी धरून ठेवते म्हणून.’

हे बोलायला सव्वा ते दीड मिनिट लागते. तेवढ्यात हातातून तीस-पस्तीस शब्द उतरतील. माझ्या वहीत ते असे आले:

का.मा. : ३ गोष्टी
१) ← बेसॉल्ट झीज (दख्खन लाव्हा)
२) चि.मा. ↑ → पाणी : फुगते / वाळली : भेगा
　　→ माती खाली, हवा ∴ ‘स्वतः नांगरते’
पू. काळा रंग = सुपीक, खत नको ✗
३?) चुना, पोटॅश ✓ पण नत्र, स्फुरद, सेंद्रिय ↓
∴ कापूस ← पाणी धरते (≠ रंग)

‘तीन गोष्टी’ हे ऐकताच मी आकडा लिहून ठेवला. वक्त्याने दोन मोजून सांगितल्या आणि तिसरीला ‘तिसरी’ म्हटलेच नाही. हे फार नेहमीचे आहे. निम्मे वक्ते आपली मोजणी मधेच विसरतात. आकडा लिहिला असला की एक रिकामी जागा आपल्याकडे पाहत राहते आणि आपण ती शोधतो. मला ती चुना-पोटॅशमध्ये सापडली असे वाटले, खात्री नव्हती म्हणून प्रश्नचिन्ह ठेवले. तास संपल्यावर विचारायचा प्रश्न आयता तयार झाला.

‘माझ्या मामाच्या’ हे शब्द आले आणि मी पेन खाली ठेवले. हात मोकळा झाला की मागची राहिलेली ओळ पुरी करता येते. वक्त्याचे अवांतर ही टिपणकाराची विश्रांती. मात्र कान ‘असो’वर हवा. हा शब्द आला की अवांतर संपले. पाठोपाठ वाक्याच्या सुरुवातीला ‘तर’ आला की वक्ता मूळ धाग्यावर परतला, आणि तो बहुधा नव्या मुद्द्यावर येत नाही, सोडलेल्याच मुद्द्यावर येतो. म्हणून भेगांची ओळ मी नवा आकडा न देता दुसऱ्याच्याच खाली आत सरकवून लिहिली. ‘एक तर’मधला, ‘जर’च्या जोडीचा आणि हा वाक्यारंभीचा ‘तर’ यांची गल्लत होऊ नये. शेवटच्या ‘तर’च्या आधी वक्ता क्षणभर थांबतो, बाकीच्यांच्या आधी नाही.

‘पुष्कळांना वाटतं’ ही सगळ्यात घातक जागा. आपल्याकडे शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष आधी मांडण्याची रीत जुनी आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षाही चांगले मांडायचे आणि मग खोडायचे. संस्कृत भाष्यांत ‘ननु’ आला की शंका सुरू झाली आणि ‘इति चेत्, न’ आले की ती उडाली, हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. मराठी वक्ता ‘काही जण म्हणतात’, ‘वरवर पाहता’, ‘असा समज आहे, की’ म्हणतो आणि मग दोन-दोन मिनिटे त्या समजाची बाजू रंगवून सांगतो. मधेच ज्याचे लक्ष गेले, त्याच्या वहीत तेच वक्त्याचे मत म्हणून बसते. असे शब्द येताच समासात ‘पू.’ लिहावे आणि खोडल्याची फुली येईपर्यंत तो मुद्दा आपला मानू नये. कधी फुली येतच नाही, वेळ संपतो किंवा वक्ता विसरतो. तेव्हा ‘पू.’ तसाच उघडा राहतो, आणि ते टिपण प्रामाणिक असते.

‘थोडक्यात काय’ म्हटल्यावर पुष्कळ जण पेन मिटतात, आता पुनरावृत्ती असे समजून. उताऱ्यात पाहा, माती पाणी धरून ठेवते हे आधी कुठेच सांगितलेले नव्हते. सगळ्यात कामाचे वाक्य तिथे होते.

टिपणांची मर्यादाही सांगायला हवी. फर्दिनां द सोस्यूर याने 1907 ते 1911 या काळात जिनिव्हात भाषाविज्ञानावर तीनदा व्याख्यानमाला दिली. 1913 मध्ये तो वारला. स्वतःची टाचणे तो फाडून टाकत असे. त्या व्याख्यानांना स्वतः न बसलेल्या बाय्यी आणि सेशए या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा करून 1916 मध्ये ग्रंथ सिद्ध केला आणि आधुनिक भाषाविज्ञान त्यावर उभे राहिले. त्या ग्रंथाचे गाजलेले शेवटचे वाक्य मात्र विद्यार्थ्यांच्या वह्यांत सापडत नाही. वही शब्दाची साक्ष देऊ शकत नाही. तिने तो दावा करूही नये. म्हणून वक्त्याचे नेमके शब्द टिपाल तेव्हा ते अवतरणचिन्हात घाला, आणि स्वतःचा विचार सुचला तर चौकटी कंसात. सहा महिन्यांनी आपलाच विचार वक्त्याच्या नावावर खपवण्याची वेळ येत नाही.

मग फोनवर ध्वनिमुद्रण का करू नये? जरूर करा. पण तासाभराचे बोलणे पुन्हा ऐकायला तास लागतो, आणि माझ्या ओळखीत असा तास काढलेला विद्यार्थी दुर्मीळ. 1972 मध्ये डी वेस्टा आणि ग्रे यांनी टिपणांची दोन कामे वेगळी करून दाखवली: एक, लिहिताना डोक्यात जे घडते ते, आणि दुसरे, नंतर वाचायला जे उरते ते. ध्वनिमुद्रण फक्त दुसरे काम करते. लॅपटॉपबद्दल 2014 मध्ये म्युलर आणि ओपनहायमर यांचा प्रयोग गाजला. टंकणारे विद्यार्थी शब्दाला शब्द जास्त लिहीत आणि विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांत मागे पडत. पुढे इतरांनी तो करून पाहिला तेव्हा फरक तितका ठळक आला नाही. माझे मत असे, की दोष यंत्राचा नाही, बोटे वेगवान झाली की उतरवून घेण्याचा मोह परततो. ‘घ्या लिहून’ म्हणणारे सर आता कळफलकात बसले आहेत, इतकेच.

या पुस्तकात सिद्धान्त कमी आहे. त्यातले बहुतेक उतारे बोललेल्या मराठीतले आहेत: वर्गातले, व्याख्यानमालेतले, शेतकरी मेळाव्यातले. अवांतर, अडखळणे आणि विसरलेले तिसरे मुद्दे मुद्दाम तसेच ठेवले आहेत. प्रत्येक उताऱ्यासमोर एकाहून अधिक माणसांची टिपणे आहेत आणि त्यांतली काही चुकलेली आहेत. चूक कुठे झाली हे आधी स्वतः शोधावे, मग पान उलटावे. संक्षेपांची तयार यादी दिलेली नाही, कारण दुसऱ्याचे संक्षेप स्वतःचे होत नाहीत. गणित, रसायनशास्त्र अशा फळ्यावर चालणाऱ्या विषयांना इथे जागा नाही. तिथे डोळ्याचे काम कानापेक्षा जास्त असते आणि मला ते शिकवण्याचा अनुभव नाही.

एक विनंती आहे. उतारे डोळ्यांनी वाचून टिपणे काढू नका, त्याने काहीही साधणार नाही. घरातल्या कोणालातरी ते मोठ्याने वाचायला सांगा, नेहमीच्या बोलण्याच्या वेगात, आणि एकदाच.